पालथा द्रोण (कथा)

धुऱ्याकडची | 11 जुलै, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचतेय इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही भोकरदनकडचे, आमच्याकडे घरटी मिरची. ही गोष्ट आहे, माणसं मनातली आहेत, पण पानं, फवारण्या, बापाचा चेहरा हे सगळं आमच्या आणि शेजारपाजारच्या रानात बघितलेलं आहे. शेतीतल्या चुका दिसल्या तर बिनधास्त सांगा, त्यासाठीच इथे टाकतेय.

---

दीपाली शनिवारी दुपारी एसटीतून उतरली आणि घरी न जाता थेट रानात गेली, कारण आईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की तू ये, बापूंना समजाव.

बापू धुऱ्यावर बसले होते. समोर एक एकर मिरची, मल्चिंगवर, ड्रिपवर, मेच्या पहिल्या आठवड्यात लावलेली. जवळपास सात हजार रोपं. लांबून हिरवीगार दिसायची पण जवळ गेलं की शेंड्याला मूठ आवळल्यासारखी पानं. "बोकड्या आलाय," बापू म्हणाले, "उद्या बाया सांगितल्यात. उपटून टाकायची अन् मका पेरायची. अजून ओल हाय तोवर मका तरी येईल."

"कोण म्हणलं उपटा म्हणून?"

"सगळेच म्हणायलेत. व्हायरस हाय म्हणे, त्याला औषधच नाही."

फवारण्या किती झाल्या विचारलं तर पाच. दुकानदारानं आधी पांढऱ्या माशीचं औषध दिलं, मग त्यात बुरशीनाशक, मग टॉनिक, मग एक कडक वासाचं, सगळ्या किडी मारणारं. त्या कडक वासाच्या फवारणीनंतर आठ दिवस बरं वाटलं आणि मग एकदम सगळं रान आवळत गेलं. आईनं वहीत लिहिलेला खर्च दीपालीनं बघितला आणि वही मिटून ठेवली.

ती जालन्याला डीएमएलटी करत होती, म्हणजे रक्त-लघवी तपासायचा कोर्स. शेतीचं शिक्षण नाही. पण वर्षभर एकच गोष्ट डोक्यात बसवली होती मॅडमनी, की ताप आला म्हणजे मलेरियाच असं नाही, आधी स्लाइड बघायची, मग बोलायचं. आणि इथं पाच औषधं देऊन झाली होती पण स्लाइड कुणीच बघितली नव्हती.

ती ओळीत शिरली. एक झाड, दुसरं झाड, दहावं झाड. पहिल्यांदा सगळी सारखीच वाटली. मग एका झाडापाशी ती थबकली कारण त्याची पानं वर वळली होती, कडा वर येऊन मध्ये खोलगट, आजी पळसाच्या पानाचे द्रोण लावते ना तसा द्रोण. आणि त्याच्याच शेजारच्या झाडाचं पान खाली वळलेलं. तोच द्रोण, पण पालथा. तिनं दोन्ही पानं तोडून हातावर ठेवली. पालथं पान जाडसर, दाबलं तर कडकन मोडलं, मागून तांबूस, तेलकट चमक असलेलं आणि त्याचा देठ पानाच्या मानानं उगाच लांब, उंदराच्या शेपटीसारखा.

"बापू, हे दोन वेगळे रोग हायेत."

"एकच हाय. बोकड्या."

"बोकड्या म्हणजे पान आवळलं एवढंच ना. का आवळलं ते त्यात कुठंय?"

बापू काही बोलले नाहीत पण बायांना फोन करून मंगळवारपर्यंत थांबा म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या केल्या. सगळं रान बघणं शक्य नव्हतं म्हणून रानाच्या चारी कोपऱ्यातून आणि मधून बारा-बारा झाडं धरली, एकूण साठ, आणि प्रत्येकाला चिंधी बांधून वहीत मांडलं. पालथा द्रोण असलेली 43. सरळ द्रोण असलेली 8. दोन्ही मिळून असलेली 4. आणि 5 झाडं अशी की जी यापैकी कशातच बसेनात: बुटकी, झुडपासारखी दाटलेली, पानं एवढीशी, पिवळट, शिरा फुगून वर आलेल्या, फुलच नाही. ही पाच एका जागी नव्हती, विखुरलेली होती. पण पालथी झाडं विखुरलेली नव्हती. विहिरीकडच्या कोपऱ्यात बाराच्या बारा, आणि लांबच्या कोपऱ्यात पाचच.

सरळ द्रोणवाल्या झाडाचा शेंडा तिनं वहीच्या पांढऱ्या पानावर झटकला तर पिवळसर, तांदळाच्या कणीहून बारीक, लांबुळके किडे पळायला लागले. फुलकिडे. ते बापूंनीही ओळखले. पालथ्या पानाचा शेंडा झटकला तर काहीच पडलं नाही. पुन्हा झटकला. काहीच नाही.

"बघ," बापू म्हणाले, "त्यात काही नाहीच. व्हायरसच तो."

रविवारी रात्री तिनं कोवळे शेंडे तोडून पिशवीत घातले, पिशवीत ओलं फडकं ठेवलं म्हणजे सुकायचे नाहीत, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं कॉलेजला नेले. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या जेवणाच्या सुट्टीत बघ.

पान स्लाइडवर ठेवलं आणि नुसता अंधार दिसला. बरोबरच होतं, या मायक्रोस्कोपला उजेड खालून येतो आणि पानातून तो पलीकडे येत नाही. पान पातळ चिरून बघितलं, हिरवा चोथा. सुट्टीची पंधरा मिनिटं गेली. मग तिचं लक्ष टेबलावरच्या चिकटपट्टीकडे गेलं. तिनं पट्टीचा तुकडा पानाच्या मागच्या बाजूला हलकेच दाबला, उचलला आणि तोच स्लाइडवर चिकटवला.

सगळ्यात छोटी लेन्स लावली, म्हणजे चाळीसपट. आधी पानाची लव दिसली. मग त्या लवेत काचेच्या मण्यासारखं काहीतरी, पिवळसर, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि त्या दाण्याला पाय होते. चिकटलेले पाय हलवत होता तो. एक, दोन, पाच, अकरा. तिनं पुढची लेन्स फिरवली, शंभरपट. शेजारी लंबगोल अंडी होती, पारदर्शक, आणि प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या नीट रांगा, कुणी बसून टाके घातल्यासारख्या. एका जागी एक छोटा जीव आपल्या पाठीवर दुसरा निपचित जीव आडवा घेऊन तसाच पट्टीला चिकटलेला. मॅडमनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही गं, पण हे कुणीतरी आहे नक्की.

बुटक्या झाडांच्या शेंड्यांच्या पट्ट्या तिनं नंतर बघितल्या. त्यात अंडी नव्हती, पाय नव्हते, फक्त लव.

तिनं मोबाइल लेन्सवर धरून फोटो काढला आणि कृषी सहायकांना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. "पिवळा कोळी. अंड्यावरचे ठिपके बघितल्यावर शंकाच नको. आतापर्यंत काय काय मारलंय?" तिनं यादी वाचली. पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "यातलं एकही कोळ्याचं औषध नाही, ताई. आणि ते शेवटचं कडक वासाचं पुन्हा मारू नका, त्यानं कोळी खाणारे जीव मरतात आणि कोळी उरतो."

बापूंना फोनवर सांगितलं तेव्हा बापू एवढंच म्हणाले, "पाच फवारण्या दुसऱ्याच कुणावर मारल्या म्हणायच्या मी."

दुकानात ती स्वतः गेली. कोळ्याचं औषध मागितल्यावर पोरानं बाटली दिली आणि सोबत टॉनिक, स्टिकर आणि परत तेच पांढऱ्या माशीचं काढून ठेवलं. तिनं बाटली फिरवून लेबल वाचलं, फेनपायरोक्झिमेट 5 टक्के, पिकात मिरची लिहिलेली, किडीत पिवळा कोळी लिहिलेला. तेवढीच घेतली. बापूंनी पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा मिली टाकलं. पहिल्या ओळीत ते नेहमीसारखं वरून फवारत निघाले आणि दीपालीनं त्यांना थांबवून एक पान उलटं करून दाखवलं. कोरडं ठणठणीत. मग नोझल वर तोंड करून, कमरेत वाकून, झाडाच्या खालून शेंड्याकडे. एका एकराला दुप्पट वेळ लागला आणि पाणीही जवळपास दीडपट.

ती बुटकी झाडं मात्र उपटली. साठातली पाच आणि मग सगळ्या रानातून शोधून शोधून, गोणीत भरून बाहेर काढली.

राहिला विहिरीकडचा कोपरा. तिथूनच का सुरू झालं? बापूंना विचारलं तर तेही म्हणाले, हो, पहिलं तिथंच दिसलं, जूनच्या शेवटी, झाकोळ होतं तेव्हा. दीपाली विहिरीपाशी गेली. तिथं आजीची नऊ झाडं होती. मागच्या सालचं रान मोडलं तेव्हा आजीनं घरच्या ठेच्यापुरती राखलेली, रोज कळशीनं पाणी घातलेली. जून झालेली, फांद्या राठ, आणि शेंड्याला पालथे द्रोण. मिरच्यांवर खरबडीत तांबूस चट्टे, देवीच्या व्रणासारखे. तिनं पट्टी लावून बघायची गरज नव्हती तरी लावली, पुढच्या सोमवारी बघितली. अंडीच अंडी.

आजीला सांगणं बापूंना जमलं नाही. तिनंच सांगितलं. आजीनं विचारलं, "बियात असतंय का ते?" नाही म्हणल्यावर आजीनं लाल झालेल्या मिरच्या तोडून पदरात घेतल्या आणि स्वतःच एकेक झाड मुळासकट ओढून काढलं. नववं निघेना तेव्हा बापू पुढं झाले.

दुसरी फवारणी आठव्या दिवशी, वेगळ्या औषधाची. अकराव्या दिवशी बापूंचा फोन. "काही फरक नाही गं. पानं तशीच हायेत."

"कोणती पानं बघायलेत?"

"हीच की. आवळलेली."

"ती सरळ होणारच नाहीत बापू. ती तशीच राहणार. शेंड्याला जावा. चिंधी बांधलेल्या झाडाच्या एकदम वरच्या टोकाला, नवीन फुटव्यात बघा."

फोन चालूच होता. चालण्याचा आवाज, मल्चिंगवर चप्पल घासल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता वारा.

"सपाट हाय," बापू म्हणाले. "दोन पानं. नाही, तीन."

---

काळीआई | 11 जुलै, 11:05

वाचताना अंगावर काटा आला. आमच्या सिल्लोडकडं पण हीच गत. आजीचा भाग फार भिडला. अजून लिहा.

सुमेधा_पुणे | 11 जुलै, 11:31

छान लिहिलंय पण एक शंका. कोळी तर मित्र असतात ना? आमच्या गच्चीत जाळी करणारे कोळी आहेत ते डास-माश्या खातात, मी मुद्दाम काढत नाही. मग त्यांच्यावर औषध कशाला?

धुऱ्याकडची | 11 जुलै, 11:40

सुमेधाताई, नाव एकच आहे पण हा तो नाही. जाळीवाला कोळी मोठा, तो राहू द्याच. हा त्याच्या लांबच्या नात्यातला पण झाडाचा रस पिणारा, आणि एवढा बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. पाच ओळीत ठेवले तर मिलिमीटर होईल. आमच्याकडे पण नावामुळे घोळ होतो, बापे म्हणतात जाळी कुठंय मग.

रानवाट | 12 जुलै, सकाळी 7:15

गोष्ट चांगली आहे पण शेतीच्या दृष्टीने थोडं सांगतो, वीस वर्षं मिरची करतोय. बोकड्या 90 टक्के व्हायरसच असतो आणि तो पांढरी माशी आणते. त्यामुळे दुकानदाराने पांढऱ्या माशीचं औषध दिलं यात त्याची चूक नाही. दुसरं म्हणजे कोळी कोरड्या उन्हाळ्यात येतो, एक जोराचा पाऊस झाला की धुऊन जातो. जुलैत कोळी म्हणजे पटत नाही.

बांधावरचा_पाटील | 12 जुलै, 9:48

रानवाट दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. कोरड्यात येणारा आणि पावसानं धुऊन जाणारा तो लाल कोळी, वांग्यावर भेंडीवर जाळी करतो तो, पानावर पांढरे ठिपके ठिपके पडतात. हा पिवळा कोळी त्याच्या उलट स्वभावाचा आहे. याला दमट, ढगाळ हवा लागते आणि हा उघड्या पानावर राहतच नाही, शेंड्याच्या मिटलेल्या कोवळ्या पानांत दडून असतो, तिथं पावसाचा थेंब पोचत नाही. बुरबुर पाऊस आणि झाकोळ म्हणजे याचे सुगीचे दिवस. उबदार हवेत आठवड्याच्या आत पिढी पुरी होते, म्हणून बापूंना वाटलं की रान एकदम आवळलं.

मी कीटकशास्त्रात काम करून निवृत्त झालो. या बाईंनी खुणा बरोबर टिपल्या आहेत. वर वळलं तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबला तर पिवळा कोळी, झाड खुजं होऊन शिरा जाडावल्या तर विषाणू. पण दीपालीला एकाच झाडावर दोन्ही मिळाली तशी चार झाडं होती ना, खऱ्या रानात असली मिसळ पुष्कळ असते, म्हणून पानाच्या वळणावर शंभर टक्के विसंबू नये. चिकटपट्टीचं मला आवडलं. आम्ही पान बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली ठेवून वरून उजेड टाकायचो, पण साध्या मायक्रोस्कोपवर हा उपाय चालतो.

पाठीवर जीव घेतलेला जो दिसला तो नर आहे. मादी मोठी होण्याआधी एक टप्पा निपचित पडून असते, नर तिला मागच्या पायांनी उचलून नव्या कोवळ्या पानावर नेऊन ठेवतो. हे दिसलं की ओळख पक्की.

रानवाट | 12 जुलै, 10:20

लाल आणि पिवळा वेगळे हे मान्य, मी एकच समजत होतो. पण माझ्या रानातला बोकड्या व्हायरसच होता, तपासून घेतला होता. सगळीकडे कोळीच असं कुणी समजू नये एवढंच म्हणणं.

बांधावरचा_पाटील | 12 जुलै, 10:34

ते अगदी बरोबर. आणि पांढऱ्या माशीबद्दल एक गंमतीदार नातं आहे ते सांगतो. हा कोळी उडू शकत नाही, पण पांढऱ्या माशीच्या पायाला धरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणजे माशी व्हायरसही आणते आणि कोळीही आणते. तेव्हा माशीचं नियंत्रण वायफळ नाही. फक्त माशीच्या औषधानं रानात आधीच बसलेला कोळी मरत नाही, तिथं गाडी अडते.

परसबाग_नाशिक | 12 जुलै, दुपारी 1:12

माझ्या कुंडीतल्या ढोबळी मिरचीला तंतोतंत असंच झालंय!! पालथा द्रोण वाचून लगेच गॅलरीत जाऊन आले. शेंडा पार कोळपल्यासारखा झालाय. मी तर कॅल्शियम कमी म्हणून दीड महिना अंड्याची टरफलं घालतेय. चार कुंड्याच आहेत, त्याला ती बाटली कुठे आणू? कडुलिंबाचं तेल चालेल का? आणि गंधक?

बांधावरचा_पाटील | 12 जुलै, 4:50

चार कुंड्यांना बाटली आणू नका. आवळलेले शेंडे दोन-तीन पानं खालपर्यंत कापून पिशवीत बांधून टाका, निम्मे कोळी तिथंच जातात. मग पाण्यात मिसळणारं गंधक, 80 टक्के भुकटी, लिटरला 3 ग्रॅम, पानांच्या मागून, संध्याकाळी. आठवड्यानं पुन्हा. ऊन कडक असेल, पारा पस्तिशीच्या आसपास असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. आणि कडुलिंबाचं असो की कुठलंही, तेल आणि गंधक एकत्र नाही, दोन्हींत निदान दोन-तीन आठवडे अंतर ठेवा. तेल आधी मारलं असेल तर आता तेलच चालू ठेवा. टरफलांनी नुकसान काही नाही, पण या दुखण्यावर ते औषध नाही.

परसबाग_नाशिक | 12 जुलै, 5:15

तेल मागच्याच आठवड्यात मारलंय. बरं झालं विचारलं.

ठेचाभाकर | 12 जुलै, रात्री 8:02

आजीनं त्या चट्टे पडलेल्या मिरच्या घेतल्या, त्या खाल्ल्या तर चालतात का? आमच्याकडे बाजारात असल्या खरबडीत मिरच्या स्वस्तात मिळतात.

धुऱ्याकडची | 12 जुलै, 8:30

चट्टे नुसत्या सालीवर असतात, कोळ्यानं कोवळेपणी खरवडलेलं असतं ते वाळून तसं दिसतं. चवीला फरक मला तरी कळला नाही. पण पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात अशा मालाला व्यापारी हात लावत नाहीत किंवा पाडून मागतात, शेतकऱ्याचं खरं मरण तिथं आहे. खायचं म्हणाल तर चट्ट्यांपेक्षा फवारणी कधी झाली ते महत्त्वाचं. गोष्टीतल्या आजीच्या झाडांवर काहीच मारलेलं नव्हतं.

शिवारफेरी | 12 जुलै, 9:44

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणून जरा वाईट वाटलं, पण खोटं नाही लिहिलेलं. आमच्याकडे माणूस येतो तो नुसतं "बोकड्या" म्हणतो, पान आणत नाही. समोर रांग असते. मग सगळ्याला चालेल असं मिश्रण दिलं जातं. आता मी पान आणायला सांगतो, शेंडा आणा म्हणतो, खालचं पान नको. दहापट लेन्स ठेवलीय गल्ल्यावर पण खरं सांगू का, दहापटीत पिवळा कोळी मला नीट दिसत नाही, नुसती धूळ हलल्यासारखी वाटते. वीसपटीच्या पुढची घ्यायला हवी.

एक प्रश्न पाटील साहेबांना. आमचे जुने गिऱ्हाईक अजून डायकोफॉल मागतात. आणि इमिडाक्लोप्रिडनं कोळी वाढतो असं ऐकतो ते खरं आहे का?

बांधावरचा_पाटील | 13 जुलै, सकाळी 8:10

डायकोफॉलवर 2023 मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातली, जुना माल कुणी काढून दिला तरी घेऊ नका. इमिडाक्लोप्रिडनं कोळी मरत नाही हे पक्कं. वाढतो का? लाल कोळ्याच्या बाबतीत तसं दिसून आलेलं आहे. पिवळ्याबद्दल मी शपथेवर सांगणार नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे गोष्टीतलं ते कडक वासाचं, त्यानंतर उद्रेक होतो हे मात्र मी स्वतः रानात पुष्कळदा बघितलं आहे. कोळी खाणारे भक्षक कोळी असतात, ते आधी मरतात.

लेखिकेला एकच सुचवतो. दुसरी फवारणी "वेगळ्या औषधाची" एवढंच लिहिलंय, ते बरोबर आहे पण का ते वाचणाऱ्याला कळायला हवं. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की कोळी त्याला सरावतो, पिढ्या भराभर होतात ना. आणि पहिल्या फवारणीत सगळी अंडी मरत नाहीत, ती दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याच्या आत-बाहेर दुसरी लागते. स्पायरोमेसिफेन अंड्यांवर आणि पिल्लांवर चांगलं चालतं पण सावकाश, मोठे कोळी लगेच पडत नाहीत, शेतकरी तिसऱ्या दिवशी म्हणतो काही झालंच नाही आणि तिसरंच काहीतरी मारतो.

धुऱ्याकडची | 13 जुलै, 9:25

मनापासून आभार सर. आमच्याकडे दुसरी स्पायरोमेसिफेनचीच होती आणि तसंच झालं होतं, तिसऱ्या दिवशी घरात भांडण. ते गोष्टीत घालते.

माळरान_77 | 13 जुलै, 11:50

मला आजीच्या झाडांवर ठपका ठेवलेला पटला नाही. विहिरीकडचा कोपरा सगळ्यात दमट, तिथं ड्रिपची गळती असणार, सावली असणार. कोळी नर्सरीतल्या रोपांबरोबर सगळ्या रानात आला असेल आणि दमट जागी आधी फोफावला असेल. मग आजीच्या झाडांवर तो रानातून गेला असेल, उलट दिशेनं. त्या नऊ झाडांवर अंडी मिळाली यानं कोण आधी कोण नंतर हे कसं ठरणार?

धुऱ्याकडची | 13 जुलै, दुपारी 12:30

हे लिहिताना माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटलं होतं की जुनी झाडं उन्हाळाभर हिरवी राहिली, कोळ्याला मधल्या काळात तिथंच घर मिळालं आणि चट्टे जुन्या मिरच्यांवर पण होते म्हणून तीच आधीची. लाल झालेल्या मिरचीवर चट्टा म्हणजे ती कोवळी असताना, महिना-दीड महिन्यापूर्वी कोळी तिथं होता. पण रोपं मेमध्ये आली, म्हणजे तुमचंही बसतं.

बांधावरचा_पाटील | 13 जुलै, 1:15

दोन्ही शक्य आहे. चट्ट्यांचा पुरावा चांगला आहे पण पुरेसा नाही. लागवडीच्या दिवशीच रोपांच्या शेंड्यांच्या आणि त्या जुन्या झाडांच्या पट्ट्या काढल्या असत्या तर कळलं असतं. तरी ती नऊ झाडं काढली ते योग्यच, कुठूनही आला असला तरी पुढचा मुक्काम तिथंच होता. आता पुढच्या लागवडीला रोपांचा ट्रे उतरवतानाच वीस शेंडे तपासा.

काळीआई | 13 जुलै, संध्याकाळी 6:40

आज पोराच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपवर आमच्या रानातल्या शेंड्याची पट्टी बघितली. सरांनी परवानगी दिली. सहा शेंडे नेले होते. चारांत ठिपक्यांची अंडी दिसली, एकात फुलकिड्याचं पिल्लू, एकात काहीच नाही. मी आजवर तिघांना एकच बोकड्या म्हणत होते. ते काहीच नसलेलं झाड बुटकं पण नाही आणि त्याच्या शिरा पण फुगलेल्या नाहीत, नुसतं खाली वळलंय. त्याचं काय समजायचं?

बांधावरचा_पाटील | 13 जुलै, 7:20

त्या ओळीच्या कडेनं कुणी तणनाशक मारलंय का हल्ली? शेजारच्या मक्यात वगैरे? 2,4-डीचा वाऱ्यानं आलेला फवारा मिरचीचं पान असंच वेडंवाकडं करतो. नसेल तर त्याच झाडाचे अजून दोन-तीन शेंडे बघा, मिटलेलं पान उघडून आतून पट्टी लावा. एका पट्टीत नाही म्हणजे झाडावर नाही असं होत नाही.

काळीआई | 13 जुलै, 7:31

शेजारी मका आहेच. त्यांनी कधी काय मारलं ते उद्या विचारते.